कवितेवरच्या लेखाला शीर्षक देताना गुगलची सजेशन्स कशी वापरता? (मदत हवी आहे)

गोदाकाठ_नाशिक
कुसुमाग्रजांच्या एकेका कवितेवर लेख लिहितोय. 'कणा'वरच्या लेखाला "पडझडीनंतरचा माणूस" असं शीर्षक दिलंय, पण सर्चमधून कोणीच येत नाही. नुसतं कणा टाकलं की गुगल पाठदुखीकडे जातं, कणा कविता टाकलं की अर्थ, भावार्थ, रसग्रहण येतं. यातलं काय घ्यायचं? आणि बायकोच्या फोनवर क्रम वेगळा का दिसतो?

झणझणीत_मिसळ
सगळ्यात वरचं असतं तेच लोक जास्त शोधतात, तेच घ्या. खरं तर तिन्ही शब्द घालून टाका.

जुनी_वही
लोक खरंच शोधतात तेच तिथे येतं हे बरोबर, पण क्रम म्हणजे आकडा नाही. तुमचं ठिकाण, आधीचे सर्च, सध्या काय चाललंय यावर तो बदलतो, म्हणून इनकॉग्निटोमध्ये बघा. आणि तीन शब्द कोंबले की शीर्षक फोनवर मधेच कापलं जातं.

मुख्य म्हणजे कवितेचं नाव बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं, पहिली ओळ असते. "ओळखलत का सर मला" टाका, मग एक स्पेस देऊन क, भ, र असं एकेक अक्षर टाकून बघा. ओळखलंत असं अनुस्वार देऊन पण बघा. मग सर्च करून पानाच्या तळाशी संबंधित सर्च वाचा, आणि पहिल्या पानावर कसले लेख आलेत ते उघडून बघा. संपूर्ण कविताच दिसत असेल तर त्या लोकांना कविता हवीय, ती तुम्ही छापू शकत नाही, कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले आणि कॉपीराइट त्यानंतर 60 वर्षं असतो. रसग्रहणवाले बहुतेक परीक्षेचं उत्तर शोधणारे विद्यार्थी, तुमचा लेख तसा नसेल तर ते लगेच परत जातील. मी असं दिलं असतं: "ओळखलत का सर मला: कुसुमाग्रजांच्या 'कणा' कवितेचा भावार्थ". तुमचं शीर्षक आत पहिल्या उपशीर्षकाला ठेवा, चांगलंय ते.

सुगरण_सिडको
माझा उपवासाच्या रेसिपींचा चॅनल आहे, मी यूट्यूबच्याच सर्चमध्ये बघते, भगरीचे खूप प्रकार मिळाले. तुम्ही पण तिथेच बघा ना.

जुनी_वही
ताई, व्हिडिओसाठी ते बरोबर, पण यूट्यूबची सजेशन्स तिथल्या सर्चवरून येतात, लेखाला गुगलचीच बघावी लागतील.

गोदाकाठ_नाशिक
पहिली ओळ डोक्यातच आली नव्हती, आज बदलतो. पण मुलं इंग्रजी अक्षरांत olakhlat ka sar mala असं टाइप करतात, ते शीर्षकात घालू का?

जुनी_वही
मी नाही घालत, वाचायला वाईट दिसतं. लेखाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये टाका. नवीन लेखापासून करा, जुन्याचा पत्ता बदलला तर रीडायरेक्ट द्यावा लागेल.

झणझणीत_मिसळ
मी घालतो आणि माझ्याकडे लोक येतात त्यावरून.

जुनी_वही
शीर्षकामुळे येतात की लेखामुळे हे कसं कळलं? गोदाकाठ, एक-दोन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये या लेखाच्या क्वेरीज बघा, फार कमी लोकांनी केलेल्या क्वेरीज तो दाखवत नाही हे धरून चला. रोमनमधल्या दिसल्या तर इथे टाका, मलाही बघायचंय.