मदत हवी आहे: रिक्रूटरच्या उद्धट मेसेजला काय उत्तर देऊ?

निशिगंधा: एका कन्सल्टन्सीच्या रिक्रूटरने माझं प्रोफाइल कंपनीला पाठवलंय. काल त्याने ३ महिन्यांच्या पेस्लिप मागितल्या, मी म्हटलं आधी जॉब डिस्क्रिप्शन आणि पगाराची रेंज मिळेल का, तर हा मेसेज: "मॅडम, करिअरमध्ये गॅप आणि वर नखरे. आजच पेस्लिप पाठवा, नाहीतर दुसरे खूप कँडिडेट आहेत." रोल मला खरंच हवाय, पण वाचून डोकंच फिरलं. गॅप का घ्यावा लागला वगैरे भलंमोठं उत्तर टाइप केलंय, अजून पाठवलं नाहीये. काय करू?

रांगडा गडी: ब्लॉक करा आणि डायरेक्ट एचआरला मेल टाका. असल्यांना हाच इलाज.

मुक्ता: निशिगंधा, एवढ्यात नको. प्रोफाइल त्याच्यामार्फत गेलंय, त्यामुळे एचआर बहुतेक वेळा तुला परत त्याच्याकडेच पाठवेल, कारण तू जॉइन झालीस की फी त्याची, आणि कंपन्यांना त्यावरून वाद नको असतो. मेसेज मात्र जपून ठेव, तो परत असं बोलला तर लागेल. भरतीचं काम मी बरीच वर्षं करतेय, त्यामुळे सांगते, गॅपचं स्पष्टीकरण अजिबात देऊ नकोस. त्याने ते विचारलेलंच नाहीये, टोमणा मारलाय, आणि तू खुलासा केलास की पुढचं सगळं बोलणं गॅपवरच जाणार. टोमण्याला एक वाक्य, बाकी कामाचं.

सदानंद: मला ऑफर लेटर देऊन जॉइनिंग पुढे ढकलतायत, फोनही उचलत नाहीत, त्यांना काय लिहू?

मुक्ता: सदानंदजी, तुमचं प्रकरण वेगळं आहे, वेगळा धागा काढा ना, तिथे बोलू.

निशिगंधा: हे कसं वाटतंय? "नमस्कार. राग मानू नका, पण गॅपबद्दलची भाषा मला योग्य वाटली नाही, आपण कामापुरतं बोलूया. पेस्लिप शक्यतो नंतर देईन."

मुक्ता: 'राग मानू नका' काढ, तू काही चुकीचं केलेलं नाहीस. 'शक्यतो नंतर' म्हटलंस तर तो उद्या परत मागेल, कधी देणार ते स्पष्ट लिही. आणि इंटरव्ह्यूची वेळ दे, म्हणजे त्यालाही पुढे काहीतरी करता येईल.

रांगडा गडी: पण काही कंपन्या पेस्लिपशिवाय इंटरव्ह्यूच लावत नाहीत, मग?

मुक्ता: हो, तशा आहेत. तिथे हा रोल हातचा जाऊ शकतो, ते धरूनच पाठव.

निशिगंधा: हे मेलवर पाठवलं:

"नमस्कार. गॅपबद्दलची भाषा मला योग्य वाटली नाही, आपण कामापुरतं बोलूया. या रोलमध्ये मला रस आहे. पेस्लिप लेखी ऑफरच्या टप्प्यावर देईन. जॉब डिस्क्रिप्शन आणि रेंज कळवावी. इंटरव्ह्यूसाठी गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी ३ नंतर उपलब्ध आहे. धन्यवाद."

संध्याकाळी उत्तर आलं: "ओके. शुक्रवार ४. जेडी जोडला आहे." सॉरी वगैरे काही नाही, आणि रेंजवर अक्षरही नाही. ती आता त्यालाच परत विचारू की इंटरव्ह्यूत?

रांगडा गडी: इंटरव्ह्यूतच विचारा.

मुक्ता: मी असते तर आजच त्याच मेलवर एका ओळीत विचारलं असतं.