पोस्टरवरची रेघ म्हणजे 'परिणाम नाही' नव्हे

मूळ पोस्ट (मखमलाबाद): परवाच्या परिषदेतल्या द्राक्षाच्या पोस्टरचा सारांश देतोय, ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी. ३-४ मिमी मण्यांवर जीए ४० पीपीएम अधिक सीपीपीयू २ पीपीएम या फुगवणीच्या संजीवकांचं डिपिंग, म्हणजे द्रावणात घड बुडवणं, सर्वांत सरस. फुगवण सर्वाधिक, गोडीवर परिणाम नाही, रेसिड्यू शून्य. पोस्टरचा फोटो खाली जोडला आहे.

गंगापूर रोड: फोटो जोडलात म्हणून बरं, नाहीतर हे असंच प्रत्येक बागेत पोचलं असतं. मी तो फोटो मोठा करून ओळ न् ओळ वाचला. इतका राग येण्याचं कारण म्हणजे पुढच्या गोडी छाटणीनंतर लोक हे वाचून बादल्या भरणार आहेत.

पहिलं, ३-४ मिमी. पोस्टरवर नुसतं 'डिपिंग' लिहिलंय. मणी कितीचे असताना, एकदा की दोनदा, काहीच नाही. तुम्ही ३-४ लिहिलंत कारण आपल्याकडे त्या वेळी करतात. ६-८ ला दुसरं डिपिंग करणारेही आहेतच की. जी गोष्ट आपल्याला सवयीची असते तीच नकळत सारांशात शिरते, आणि वाचणाऱ्याला ती खटकतही नाही. चुकीचं काही लिहिलं असतंत तर कोणीतरी लगेच पकडलं असतं.

दुसरं, गोडी. टेबलात टी१ म्हणजे नुसतं जीए, त्याचा टीएसएस, म्हणजे ब्रिक्समधलं गोडीचं माप, १९.१. टी२ मध्ये सीपीपीयू १ पीपीएम, १८.६. टी३ मध्ये २ पीपीएम, आणि तिथे नुसती रेघ आहे. आकडाच नाही. खाली 'एनएस' लिहिलंय ते पहिल्या दोनांबद्दल. ज्या ट्रीटमेंटला तुम्ही सरस म्हणताय तिच्या गोडीबद्दल पोस्टर एक अक्षर बोलत नाही. मोजली नाही, माल तेव्हा उतरवला नव्हता, की आकडा टाकायचा राहिला, हे फोटोवरून कळायला मार्ग नाही. मग 'टी३ चा टीएसएस दिलेला नाही' एवढंच लिहायचं.

तिसरं, 'सर्वांत सरस'. मण्याचा व्यास टी१ १६.४, टी२ १७.८, टी३ १८.२ मिमी, आणि खाली सीडी ०.६, म्हणजे फरक खरा धरायला निदान एवढा तरी हवा. टी२ आणि टी३ मधला फरक ०.४, म्हणजे सीडीच्या आतला. ते दोन्ही एकाच पातळीवर आहेत. टी१ पेक्षा मात्र दोघंही खरोखर पुढे आहेत. दुप्पट सीपीपीयू घालून जास्त फुगवण मिळते, असं हे पोस्टर दाखवत नाही.

मखमलाबाद: सर, पोस्टर आहे ते, प्रबंध नाही. चार फूट कागदावर तुटक शब्दच असणार. वाचणाऱ्याने जोडून घ्यायचं असतं. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर अर्ध्या सारांशात 'दिलेलं नाही, दिलेलं नाही' एवढंच येईल. ते वाचून शेतकऱ्याने करायचं काय?

आकडेमोड: एनएस म्हणजे फरक नाही. मग टी२ पुरतं तरी 'गोडीवर परिणाम नाही' बरोबरच आहे की. उगाच शब्दाचा कीस कशाला?

गंगापूर रोड: नाही हो. एनएस म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. पोस्टरच्या कोपऱ्यात रेप्लिकेशन ३ लिहिलंय. तीन रेप्लिकेशनमध्ये अर्ध्या ब्रिक्सचा खरा फरक असला तरी तो झाडाझाडातल्या चढउतारात बुडून जाऊ शकतो. म्हणून मी १९.१, १८.६, एनएस असंच लिहीन आणि निष्कर्ष वाचणाऱ्यावर सोडीन.

पिंपळगावची सून: तुमचं टेबल राहू द्या, माझं ऐका. आमच्याकडे सासऱ्यांनी असंच कुणाचं तरी वाचून सीपीपीयू वाढवलं होतं. मणी बघून सगळे खूश. पण साखर काही भरेना. शेजारचा माल उतरला, आमचा वेलीवरच. व्यापारी रोज यायचा, एक मणी चावायचा, साल जाड आहे म्हणायचा आणि भाव पाडून जायचा. तुम्ही 'गोडीवर परिणाम नाही' लिहिता तेव्हा आमच्यासारख्यांचं काय होतं ते बघायला या एकदा.

मखमलाबाद: ताई, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण किती पीपीएम, किती वेळा, घडांचा भार किती, हे तुम्हीही सांगितलं नाहीत. मग ते तरी कसं धरायचं?

पिंपळगावची सून: मी सारांश लिहीत नव्हते. माझ्या घरात जे झालं ते सांगितलं.

दिंडोरी: सगळे गोडीवर भांडताय, 'रेसिड्यू शून्य' कोणालाच दिसलं नाही? पोस्टरवर बीडीएल लिहिलंय. २०१० विसरलात का? सीसीसीमुळे युरोपात कंटेनर अडकले तेव्हा आम्हीही रिपोर्ट घेऊनच बसलो होतो. वापर खरड छाटणीनंतरचा, वाढ रोखायला, आणि अंश निघाला तो पुढच्या हंगामाच्या घडात. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. माल तिकडे पडून, इकडे आमचा निर्यातदार फोन उचलेना.

आकडेमोड: पोस्टरवर सीपीपीयू आहे, सीसीसी नाही. विषय कुठे नेताय?

दिंडोरी: तुमचे पैसे बुडाले नव्हते म्हणून विषय वेगळा वाटतो. त्या वर्षी आमच्या गल्लीत किती जणांनी सोनं गहाण टाकलं ते विचारा. आणि दोष कोणावर? शेतकऱ्यावर! शिफारस करणारे, औषध विकणारे सगळे नामानिराळे.

ओझर: सगळा दोष दुसऱ्यांचा कसा? दुकानदाराने सांगितलं म्हणून मोजमाप न करता फवारणारे आपल्यातही होते.

दिंडोरी: तुम्ही एक्सपोर्ट करता का? नसाल तर गप्प बसा.

गंगापूर रोड: दोघंही थांबा. दिंडोरीकरांचा मुद्दा इथे लागू पडतो. बीडीएल म्हणजे तपासणीच्या मर्यादेखाली, आणि ती मर्यादा किती ते पोस्टरवर नाही. समजा यंत्राची मर्यादा ०.०५ असेल, तर किलोमागे ०.०३ मिलीग्रॅम असलेला मालही बीडीएलच येणार. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला युरोप ०.०१ लावतो. शिवाय नेमकं काय तपासलं, जीए, सीपीपीयू की पूर्ण यादी, तेही लिहिलेलं नाही. 'शून्य' हा शब्द तुमचा, पोस्टरचा नाही.

मखमलाबाद: शून्यचं मान्य. काढतो. ३-४ मिमीही काढतो, जरी सगळे तेव्हाच करतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण मी परिषदेच्या सारांश-पुस्तिकेत बघितलं, तिथे 'गुणवत्ता टिकून राहते' असं छापलंय. ते घेतलं तर?

गंगापूर रोड: घ्या, पण 'पुस्तिकेत असं आहे' म्हणून वेगळ्या ओळीत. पुस्तिकेचा मजकूर कित्येक महिने आधी पाठवलेला असतो, पोस्टर आदल्या आठवड्यात छापतात. मधल्या काळात आकडे बदलतात, एखादी ट्रीटमेंट गळते. दोन्ही मिसळलंत तर रेघेच्या जागी पुस्तिकेतलं वाक्य जाऊन बसेल. तुमचं स्वतःचं मतही द्या, फक्त 'माझं मत' लिहून. आणि रेघेबद्दल पोस्टरवरच्या पत्त्यावर ईमेल टाका.

मखमलाबाद: बदललं: "नुसतं जीए, आणि जीए ४० पीपीएम सोबत सीपीपीयू १ आणि २ पीपीएम. डिपिंगची अवस्था दिलेली नाही. व्यास १६.४, १७.८, १८.२ मिमी. टीएसएस १९.१ आणि १८.६, एनएस, २ पीपीएमसाठी आकडा नाही. रेसिड्यू बीडीएल, मर्यादा दिलेली नाही." १ आणि २ पीपीएम एकाच पातळीवर, हे मात्र मी लिहिणार नाही. पोस्टरवर तसं वाक्य नाही, आणि हा तुमचाच नियम.

गंगापूर रोड: ती भर नाही, पोस्टरवरच्याच तीन आकड्यांची वजाबाकी आहे.

आकडेमोड: इथे मी मखमलाबादच्या बाजूने. वजाबाकी चालते, मग उद्या सरासरी चालेल, परवा टक्केवारी. रेघ कुठे ओढणार?

गंगापूर रोड: वाक्य नको तर नको. पण तुम्ही सीडी ०.६ गाळलंय, ते पोस्टरवर छापलेलं आहे. तेवढं व्यासाच्या ओळीत टाका, वाचणारे आपलं आपण वजा करतील.

मखमलाबाद: टाकलं.

दिंडोरी: आणि त्या २०१० च्या भरपाईचं कोणी बोलणार आहे का?