भडंगाच्या पाकिटावर 'वापराची अंतिम तारीख' कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात घरी भडंग करते. आता २०० ग्रॅमची सीलबंद पाकिटं दुकानात नियमित द्यायची आहेत. फॉस्कॉस या अन्न परवान्याच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज भरलाय, १४ अंकी नंबर आला की लेबल छापणार. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेत: चुरमुरे, शेंगदाणे, तेल, मग लसूण, मसाला, मीठ. शाकाहारी चिन्ह आणि 'शेंगदाणे आहेत' ही सूचनाही घेतली आहे.

अडलंय ते तारखेवर. एकाच घाण्यातली पाकिटं ठेवून दर आठवड्याला एक फोडते. पाचव्या आठवड्यात चुरमुरे कुरकुरीत होते, पण शेंगदाण्याला खवट वास आला. म्हणजे आधी तेलकट जिन्नस बिघडतात. म्हणून मी ३० दिवस नाही, २१ दिवस लिहायचं म्हणते. पण ही चाचणी उन्हाळ्यातली. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने चुरमुरे आधी सादळतील, असं वाटतं. मग चाचणी पुन्हा करावी, की पाकीट जाड घ्यावं?

दुसरं, वहीत प्रत्येक घाण्याचा बॅच नंबर, तारीख, दाणे-तेल कुठल्या बिलातलं, किती पाकिटं झाली आणि कुठल्या दुकानात गेली एवढं लिहिते. तक्रार आली तर तेवढीच पाकिटं परत मागवता यावीत, हा हेतू. तपासणीला एवढं पुरतं का? तळणीचं तेल कधी बदललं, हेही लिहावं का?

कोल्हापूर-सांगलीकडच्या कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.