टॅटूच्या डिझाईनमध्ये 'सब्र' बरोबर लिहिलंय का? फोटो बघून सांगा

ऋतू_बडोदा
मंडळी अर्जंट आहे, शनिवारी सकाळची अपॉइंटमेंट आहे. आमची आजी कायम "सबूर, सबूर" म्हणायची, दूध उतू जायला आलं तरी आणि माझा रिझल्ट लागायचा असला तरी, तर तिच्या आठवणीत उजव्या घोट्याच्या वर 'सब्र' असं उर्दू लिपीत काढून घेतेय. टॅटूवाल्याच्या स्क्रीनवरचा फोटो टाकलाय. अंधुक दिसत असेल तर डावीकडून सांगते, आधी डोळ्यासारखा गोल आणि त्याला खाली मोठी वाटी, मग होडी आणि तिच्याखाली टिंब, मग एक छोटी रेघ खाली घसरलेली. तिन्ही सुटी सुटी आहेत. स्पेलिंग बरोबर आहे का? आणि अर्थ 'धीर' असाच होतो ना?

मांडवीकर
मला उर्दू थोडंफार वाचता येतं, दुकानाच्या शेजाऱ्यांकडून शिकलो. उर्दू उजवीकडून वाचतात. उजवीकडून पहिलं अक्षर रे, दुसरं बे, म्हणजे 'रब' झालं. रब म्हणजे परमेश्वर. पुढे एकटं स्वाद कशाला काढलंय ते कळलं नाही, पण रब नक्की आहे. ताई, पायावर हे काढू नका.

ऋतू_बडोदा
अगं बाई! मी त्याला फक्त सब्र सांगितलं होतं, मेसेजमध्ये टाईप करूनसुद्धा पाठवलं होतं.

कण्हेर_पिवळी
फोटो सेल्फी कॅमेऱ्यानं काढलायस का? त्यात अक्षरं उलटी होतात. गॅलरीत जाऊन फ्लिप कर, सरळ होईल.

फारसीवाली_मावशी
ऋतू, थांब, फ्लिप करू नकोस, त्यानं आणखी बिघडेल. फोटो उलटा असता तर प्रत्येक अक्षर आरशातलं दिसलं असतं. रे बघ, त्याची शेपटी खाली डावीकडे जाते आणि तुझ्या फोटोत ती डावीकडेच गेलीय, स्वादचा डोळाही उजवीकडे आणि वाटी डावीकडे आहे, म्हणजे एकेक अक्षर सुलट आहे. चुकलाय तो क्रम. स्वाद, बे, रे ही बरोबर अक्षरं, पण आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे मांडलीत. म्हणून मांडवीकरांना उजवीकडून रे, बे, स्वाद दिसलं. त्यांनी वाचलं ते चूक नाही, कारण रे पुढच्या अक्षराला जोडतच नाही, त्यामुळे खराखुरा 'रब' लिहिला तरी रे आणि बे असेच वेगळे राहतात. वाचणारा पहिले रबच वाचणार.

दुसरी चूक म्हणजे अक्षरं सुटी आहेत. सब्रमध्ये स्वाद बेला जोडतं आणि बे रेला, त्यामुळे अख्खा शब्द पेन न उचलता होतो, फक्त टिंबासाठी उचलायचं. उजवीकडून बोट फिरव: लांबट डोळा, त्याला लागून एक छोटा दात, लगेच दुसरा दात आणि त्याच्याखाली टिंब, मग शेपटी ओळीच्या खाली. मोठी वाटी नाही, होडी नाही, ती फक्त सुट्या अक्षरांना येतात. तुझ्या फोटोत वाटी दिसली तिथंच मला शंका आली.

संजू_कारेलीबाग
सेम हेच आमच्याकडे झालंय फक्त भाषा उलटी. माझ्या साडूनं जर्मनीत दंडावर 'शक्ति' करून घेतलं, तिथल्या माणसानं छापील कागदावरून हुबेहूब उतरवलं, आणि कागदावरच श, मग पाय मोडलेला क, मग त आणि वेलांटी त च्या नंतर अशी होती. गोंदून झाल्यावर आम्हाला फोटो पाठवला, आता काय सांगणार त्याला, छान म्हणालो.

शाई_सुई
मी टॅटू करतो (तुमच्या दुकानाचा नाही). कारण सांगतो. तुम्ही पाठवलेला शब्द मेसेजमध्ये बरोबरच दिसला असणार, कारण फोन स्वतः अक्षरं जोडतो. तो कॉपी करून डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि तिथं अरबी, देवनागरीची सेटिंग चालू नसली की अक्षरं सुटतात आणि डावीकडून लागतात. साडूंची वेलांटी पण त्यातलीच. आमच्या कामात चूक दिसत नाही कारण आम्ही आकार बघतो, शब्द नाही. म्हणून मजकूर टाईप करून देऊ नका, फोनवर नीट दिसतोय त्याचा मोठा स्क्रीनशॉट नाहीतर पीडीएफ द्या.

ऋतू_बडोदा
मग मीच फोनवर उर्दू कीबोर्ड टाकून करते. 'स' साठी सीन ना?

फारसीवाली_मावशी
नाही, स्वादच. त्या लिपीत 'स' चा आवाज सीन, स्वाद, से अशा तिघांचा, उर्दूत उच्चार एकच, म्हणून कानावरून स्पेलिंग ठरत नाही. सुरुवातीला डोळ्याऐवजी करवतीसारखे बारीक दात दिसले तर ते सीन आहे, पुसून टाक. आणि टिंबाकडे लक्ष दे. मधला दात बे, ते, नून, ये सगळ्यांचा सारखाच असतो, ओळख फक्त टिंबानं. खाली एक म्हणजे बे, खाली दोन झाली तर ये, वर एक गेलं तर नून.

मांडवीकर
मावशी, वर जबर आणि जज़्म पण द्यायला हवं, म्हणजे सब्रच वाचतील. त्याच तीन अक्षरांत हकिमांचं कडू कोरफडीचं औषध 'सिब्र' पण लिहितात.

फारसीवाली_मावशी
लिहितात, खरंय. पण घोट्यावर एकटा शब्द बघून कोणी कोरफड वाचणार नाही. रोजच्या लिखाणात या खुणा देत नाहीत आणि एवढ्या लहान जागेत त्या टिंबासारख्या दिसून घोळ होईल. मी नाही देणार.

मांडवीकर
मला अजूनही दिलेलं बरं वाटतं. असो, अंग ऋतूताईंचं आहे.

कण्हेर_पिवळी
अर्थाचं राहिलं की. सबुरी म्हणजे वाट बघणं, धीर म्हणजे हिंमत, हे एक कसं?

फारसीवाली_मावशी
पूर्ण एक नाहीच. आपलं सबूर, गुजरातीतलं सबूर आणि शिर्डीची सबुरी, सगळी त्या सब्रचीच. मूळ शब्दात सोसत तग धरून राहणं आहे. आपण "धीर धर" म्हणतो तो सब्र, पण "धीर एकवटून बोलला" मधला धीर नाही, त्याला उर्दूत हिंमत म्हणतील. आजी म्हणायची ते पहिलंच दिसतंय, तर शब्द चपखल आहे.

ऋतू_बडोदा
हो, "जरा दम धर" हेच तिला म्हणायचं असायचं.

शाई_सुई
शनिवारी स्टेन्सिल लागला की सुई लावण्याआधी थांबवा. जांभळी छाप स्पिरिटनं पुसता येते, तिथपर्यंत सगळं फुकट आहे. मागच्या कॅमेऱ्यानं फोटो काढा, पाय सरळ ठेवून. टिंब आणि दात यात फट मोकळी ठेवायला सांगा, शाई वर्षानुवर्षं पसरते, फट कमी असली की टिंब रेघेत मिसळतं.

ऋतू_बडोदा (शनिवार)
दुकानातूनच लिहितेय. पहिला छाप पुसायला लावला, टिंब दाताला टेकलं होतं. हा दुसऱ्याचा फोटो. मी उजवीकडून बोट फिरवलं, डोळा, दोन दात, दुसऱ्याखाली टिंब, शेपटी खाली. मावशी बघा ना पटकन, तो ग्लोव्ह्ज घालून बसलाय.

फारसीवाली_मावशी
टिंब दुसऱ्या दाताच्या बरोबर खाली आहे, पहिल्याखाली सरकलेलं नाही. शेपटी कुठे तुटत नाही. वाचलं मी, सब्र. सांग त्याला सुरू कर म्हणून.