तक्रार आली की दिवसाच्या आत पाठवायचं पोचपत्र: तुमचे अनुभव लिहा

आम्ही नवरा-बायको रत्नागिरीजवळून हापूसच्या पेट्या थेट घरपोच पाठवतो. हंगाम मार्चअखेर ते मे, माणसं चारच. तक्रार आली की आधी आम्ही तोडणीवाल्यांना विचारायचो, मग ट्रान्सपोर्टला फोन, आणि सगळं कळल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ग्राहकाला उत्तर. तोवर उरलेला आंबा पिकून संपलेला किंवा कचऱ्यात गेलेला असायचा, मग खरंखोटं कळायला वावच राहत नसे. ग्राहकाला वाटायचं, हे मुद्दाम वेळ काढतायत.

गेल्या मे महिन्यात पद्धत बदलली. शनिवारी रात्री पावणेबाराला पुण्याच्या एका ताईंचा मेल आला. पाच डझनांची पेटी, सात फळं कापली, त्यांतली चार आतून पांढरट आणि आंबूस. म्हणजे साका. साक्याचं फळ बाहेरून अगदी निर्मळ दिसतं, कापल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे पेटी भरताना आम्हालाही दिसत नाही. रविवारी सकाळी नऊला मी हे पाठवलं:

"विषय: तक्रार क्र. मे-१८, हापूस पेटी, आपला मेल मिळाला

नमस्कार ताई, आपला काल रात्रीचा मेल मिळाला. पाच डझनांच्या पेटीतली सात फळं कापली आणि चार आतून खराब निघाली, असं मला समजलं. चुकत असेन तर सांगा. आपल्याला त्रास झाला याचं वाईट वाटतं.

कापलेल्या फळांचा आणि पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो आज पाठवा. बाकीची फळं टाकू नका. पिकतील तशी कापा आणि किती खराब निघाली ते लिहून ठेवा. उद्या सोमवारी ही पेटी कुठल्या बागेतली, कुठल्या दिवशीच्या तोडीची, ते मी आमच्या वहीत बघेन.

ही तक्रार मी स्वतः बघतेय. खालच्या नंबरवर सकाळी १० ते संध्याकाळी ६ मिळेन. बुधवारी संध्याकाळी ६ पर्यंत काय करणार ते कळवते. तोवर ठरलं नाही, तर तेही बुधवारीच कळवते."

बुधवारपर्यंत ६० पैकी १९ फळं खराब निघाली. वहीत बघितलं तर ती तोड उन्हाच्या तडाख्यातली, फळ झाडावर जरा जास्तच तयार झालेलं. अशा तोडीत साका जास्त निघतो. त्याच तोडीच्या आणखी दोन पेट्या गेल्या होत्या. त्या घरी आम्हीच आधी फोन केला. १९ फळांचे पैसे परत दिले. ताईंनी चिठ्ठीचा फोटो पहिल्याच दिवशी पाठवला म्हणून हे जमलं. चिठ्ठी रिकाम्या पेटीबरोबर कचऱ्यात गेली असती तर तोड सापडलीच नसती.

तुमच्या धंद्यात हा पहिला मेल कसा असतो? कुठे फसला?

वाटाड्या: कायद्यानेच २४ तासांत पोच देणं बंधनकारक आहे, त्यामुळे तुम्ही करताय ते करावंच लागतं. एक मात्र सांगतो, 'वाईट वाटतं' वगैरे लिहू नका. ग्राहक आयोगात तोच मेल पुढे करतात आणि चूक कबूल केली असं धरतात.

निळीशाई: ग्राहक तक्रारींचं काम बरीच वर्षं केलंय म्हणून लिहिते. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. त्यांत तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, असं आहे. तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर दाखवायचा असतो. २४ तास हा आपला आपण ठरवलेला शब्द. आंब्यासारख्या मालाला तो हवाच.

'त्रास झाला याचं वाईट वाटतं' यात दोष कबूल केलेला नाही. अडचण होते ती 'आमच्या पॅकिंगची चूक झाली, पूर्ण पैसे देतो' असं तपासाआधी लिहिल्यावर. एका मसालेवाल्यांनी असं लिहिलं आणि नंतर कळलं की बरणी ग्राहकाच्या घरी ओट्यावरून पडली होती. तोवर त्या मेलवर ग्राहक ठाम होता, आणि त्याचं चूक नव्हतं, कारण लेखी शब्द दिलेला होता.

तुमच्या मेलमधलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य 'असं मला समजलं, चुकत असेन तर सांगा'. मी पाहिलेली निम्मी भांडणं तक्रार नेमकी काय आहे, हेच दोघांनी वेगवेगळं धरल्यामुळे वाढली.

माजघर: माझेही पैसे अकरा दिवस अडकलेत! एका साइटवर कुर्ता परत केला, 'आपली विनंती स्वीकारली आहे' असा मेल लगेच आला आणि पुढे काहीच नाही. कुणाकडे जाऊ?

धागाकर्ती: माजघर, हा धागा विकणाऱ्यांनी काय लिहावं याबद्दल आहे, तरी तुमचा मेल उपयोगी पडला. त्यात नाव नाही, तारीख नाही, पैसे कुणी सोडायचे तेही नाही. ऑर्डर क्रमांक आणि तो मेल घेऊन आधी त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पायवाट: सांगलीत फर्निचरचं वर्कशॉप आहे. आम्ही '३ ते ५ दिवसांत माणूस येईल' लिहायचो. ग्राहक तिसऱ्या दिवशी सकाळपासून घरी थांबायचा, आमचा हिशोब रविवार सोडून पाचवा दिवस. आता वार आणि तारीख लिहितो, आणि फक्त आपल्या हातात आहे त्याचीच. सनमायका कधी मिळेल ते पुरवठादारावर असतं, म्हणून 'दुरुस्ती शुक्रवारी' असं लिहीत नाही. 'गुरुवारी ११ ते १ मध्ये मिस्त्री येऊन बघून जातील, कधी दुरुस्त होईल ते त्याच संध्याकाळी सांगू' असं लिहितो. दर दिवशी 'काय झालं?' विचारणारे फोन बरेच कमी झाले.

कासारवेल: माझं नाशिकला साड्यांचं दुकान आहे. मेलमध्ये माझ्या सहायक मुलीचं पूर्ण नाव आणि तिचा स्वतःचा मोबाइल दिला होता. एका गृहस्थांनी तिला रात्री साडेअकराला फोन केले, पुढे दुसऱ्याच गोष्टींसाठी मेसेज सुरू झाले. ती फार घाबरली. तो त्रास माझ्या मेलमुळे झाला, हे मला अजून टोचतं. नंबर बदलून दुकानाचा वेगळा घेतला. आता नुसतं 'ग्राहक सेवा विभाग' लिहिते, पण मग लोक म्हणतात, कुणाशी बोलायचं ते सांगा.

निळीशाई: नियमातलं नाव तक्रार अधिकाऱ्याचं असतं, म्हणजे तुमचं स्वतःचं घालता येईल. रोजचं काम तिनं केलं तरी चालेल.

कासारवेल: पण मी खरेदीला बाहेरगावी असते तेव्हा माझं नाव वाचून ग्राहक माझ्याशीच बोलायचा हट्ट धरतो, आणि मला त्या तक्रारीचं काहीच माहीत नसतं.

धागाकर्ती: आमच्याकडे पेटीच्या चिठ्ठीवरचा नंबर दुकानाचा आहे, मेलखाली फक्त पहिलं नाव असतं. तेवढं पुरतं का, खात्री नाही. आणखी एक अडलंय: हल्ली निम्म्या तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात, त्याही ज्याला पेटी भेट दिली त्याच्या नंबरवरून. पोच कुणाला पाठवायची, पैसे भरणाऱ्याला की खाणाऱ्याला? यंदा एका मुलीनं आईला पाठवलेल्या पेटीत हे घडलं. मी आईंना लिहिलं. मुलीला वाटलं, आम्ही तिला काही कळवलंच नाही.