मदत हवी आहे: ध्वनिमुद्रणाच्या संहितेत रकमा आणि तारखा कशा लिहाव्यात?

आमच्या बचत गटाच्या कर्जाची माहिती देणारी तीन मिनिटांची ध्वनिफीत तयार करायची आहे. संहितेत मी '१,७५,००० रु.', 'हप्ता ४,२७५ रु.', 'व्याज ९.५%' आणि 'दि. ०५ च्या आत' असे लिहिले होते. वाचणाऱ्या मुलीने 'एक लाख पंच्याहत्तर हजार', 'नऊ पूर्णांक पाच टक्के' आणि 'दिनांक शून्य पाच' असे वाचले. ते ऐकून एका मावशींनी मला विचारले, "म्हणजे पावणेदोन लाखच ना?" तेव्हा माझ्या लक्षात आले की चूक वाचणारीची नसून माझ्या लिखाणाची आहे. सगळेच आकडे सव्वा, साडे, पावणे असे बदलावेत का?

माळरान: होय, सरसकट बदलावेत. आमच्याकडे बाजारात कोणीही 'दोनशे पन्नास' म्हणत नाही, 'अडीचशे' म्हणतात. तुमचा हप्ता 'सव्वाचार हजार पंचवीस' असा लिहावा.

निवेदिका: अडीचशेचे बरोबर आहे, पण हप्त्याचे मला पटत नाही. 'सव्वाचार हजार' ऐकताच रक्कम पुरी झाली असे वाटते आणि मागचे पंचवीस निसटतात. मी बरीच वर्षे निवेदन करते आहे; माझा ठोकताळा असा, की पाव, अर्धा किंवा पाऊण असा नेमका भाग असेल तेथेच हे शब्द वापरावेत, आणि जी रक्कम मोजून हातात द्यायची असते ती पूर्ण उच्चारावी. म्हणून कर्ज 'पावणेदोन लाख रुपये', व्याज 'वर्षाला साडेनऊ टक्के' आणि हप्ता 'चार हजार दोनशे पंच्याहत्तर रुपये'. हप्ता थोडे थांबून दोनदा वाचावा. संहितेत आकडे न ठेवता हेच शब्द अक्षरांत लिहावेत, म्हणजे वाचणाऱ्याला ऐन वेळी निवड करावी लागत नाही.

जुनी_पेटी: मी पतसंस्थेत होतो. आमच्याकडे धनादेशावर 'पावणेदोन लाख' असे कधीच लिहिले जात नसे. 'एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये फक्त' असेच लिहावे लागे.

निवेदिका: काका, कागदावर तेच योग्य आहे, परंतु येथे प्रश्न कानावर पडणाऱ्या मजकुराचा आहे. सालाचेही तसेच होते. कागदावर '१९७२' असते, वाचताना 'एकोणीसशे बहात्तर' म्हटले तरी चालते, पण घराघरांत 'बहात्तरचा दुष्काळ' असेच म्हणतात.

प्रश्नकर्ती: आता पटले. तारीख मी 'दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत' अशी लिहिते.

माळरान: 'आत' म्हटल्यावर आमच्याकडे चार तारखेलाच पैसे भरतात.

निवेदिका: आमच्याकडे पाच तारीखही त्यात धरतात. 'पाच तारखेपर्यंत' म्हटले तरी विचारणारे विचारतातच. पाच तारखेला भरलेला हप्ता चालतो का, हे आधी गटाकडून नक्की करून घ्या.

प्रश्नकर्ती: अध्यक्षताईंना विचारून येथेच कळवते.