मदत हवी आहे: इंटर्नशिपचा रिपोर्ट ‘रोजनिशी झाली’ म्हणून परत आला, आता मांडणी कशी करू?

वेचणी_०३
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहते. बी.कॉम. शेवटचं वर्ष. नोव्हेंबर-डिसेंबरात शेतकऱ्यांच्या एका कंपनीत सहा आठवडे मार्केटिंगची इंटर्नशिप केली. ते तुरीची बिनपॉलिशची डाळ एक किलोच्या पाकिटात विकतात. माझी कामं तीन: आठवडी बाजारात दुकान लावणं, किराणावाल्यांना भेटणं, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घेणं.

३४ पानं लिहिली. आधी सगळी कामं तारखेनुसार, मग आकडे, मग ‘काय शिकले’, शेवटी मनोगत. मॅडमचा शेरा: “ही रोजनिशी आहे. आकडे कशासाठी घेतले ते कळत नाही.” सोमवारी परत द्यायचा आहे.

अजून एक अडचण. पाचव्या बाजारी गर्दीत किती जण थांबले ते मोजायचं राहून गेलं. १४ पाकिटं गेली एवढंच माहीत आहे. तिथे सरासरी टाकली तर चालेल का?

पुसदकर
आकडे कळत नाहीत म्हणजे चार्ट कमी पडले. दोन-तीन पाय चार्ट घाल. कंपनीचं प्रमाणपत्र, शिक्का आणि हजेरीपत्रक लाव, त्याच्याशिवाय आमच्याकडे रिपोर्ट घेतच नव्हते. सरासरी टाकून दे, कोण मोजायला येते?

बाबाराव_वाशीम
ताई, त्या कंपनीत अजून जागा आहे का? माझ्या पोरीले इंटर्नशिप पाहिजे. दोन ठिकाणी जाऊन आली, तिथं नुसतं बिलं फाडाले बसवते.

वऱ्हाडी_मास्तर
बाबाराव, तिचं काम झालं, तिला रिपोर्ट लिहायचा आहे. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

वेचणी, प्रमाणपत्राचं बरोबर आहे, ते लावच. पण सरासरी टाकू नकोस. ‘पाचव्या बाजारी मोजणी झाली नाही’ असं लिही आणि ती ओळ हिशेबातून वगळ. तोंडी परीक्षेत वही मागितली तर तीच ओळ खोटी निघेल, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मी बारा वर्षं असे रिपोर्ट तपासले. तारखेनं लिहिलं की रोजनिशीच होते. तू कामाप्रमाणे तीन प्रकरणं कर. प्रत्येकात काम काय होतं, कशासाठी केलं, आकडा काय आला आणि त्यावरून काय कळलं, हे एकामागोमाग आलं पाहिजे. बाजाराचे आकडे इथे टाक, करून दाखवतो.

वेचणी_०३
पहिल्या दोन बाजारी मिळून ६० जण थांबले, ९ जणांनी घेतली. पुढच्या दोन बाजारी डाळ शिजवून वाटीत वरण चाखायला ठेवलं. ५५ थांबले, १७ जणांनी घेतली.

वऱ्हाडी_मास्तर
म्हणजे आधी शंभरातले १५ घेत होते, नंतर जवळपास ३१. हा छोटा तक्ता त्याच प्रकरणात ठेव, पाय चार्टची गरज नाही. पण ‘चाखवल्यामुळे विक्री दुप्पट झाली’ असं लगेच लिहू नकोस. त्या दोन आठवड्यांत बाजारात अजून काय बदललं होतं?

वेचणी_०३
हो, कापसाची वेचणी जोरात होती. मजुरी बाजाराच्या दिवशी मिळते, म्हणजे बायांच्या हातात पैसा होता. हे मी लिहिलंच नाही.

वऱ्हाडी_मास्तर
तेच लिही. दोन्ही कारणं एकाच वेळी आली, त्यामुळे चाखवल्याचा वाटा किती ते या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. एकाच बाजारी अर्धा वेळ वरण ठेवून अर्धा वेळ न ठेवता मोजलं असतं तर थोडं कळलं असतं. हे झालं तुझं शिकणं. मनोगतात मात्र धंद्याचं नको, स्वतःचं लिही: कुठे चुकलीस, काय उशिरा लक्षात आलं.

वेचणी_०३
एक सांगू? पहिल्या बाजारी एका मावशीनं डाळ हातात घेतली, बोटानं चोळली, म्हणाली, “चमक नाही, जुनी दिसते,” आणि ठेवून गेली. मी गप्प राहिले. पॉलिश नसल्यामुळे ती तशी दिसते, हे सांगायला मला दोन आठवडे लागले. वरण ठेवायचं सुचलं ते त्यावरूनच.

वऱ्हाडी_मास्तर
मग मनोगत इथूनच सुरू कर. ‘आत्मविश्वास वाढला, संवादकौशल्य सुधारलं’ ही वाक्यं काढून टाक.

पुसदकर
सरासरीचं मागे घेतो. पण ऑर्डर देणाऱ्यांचे नंबर पुरावा म्हणून जोडावे लागतील ना? आम्ही जोडले होते.

वऱ्हाडी_मास्तर
लोकांना न विचारता नंबर छापू नयेत. गाव आणि पाकिटांची संख्या पुरे.

पुसदकर
आमच्या सरांनी नंबरावर फोन लावून खात्री केली होती. मॅडमना विचारूनच घे.

वेचणी_०३
उद्या विचारते. किराणावाल्यांच्या प्रकरणात त्यांना पाकिटामागे किती सुटतं ते लिहायचं आहे, पण कंपनीनं अजून परवानगी दिली नाही. आज रात्री बाजाराचं प्रकरण नव्यानं लिहून काढते.